त्रैराशिक

हॉस्पिटलात त्याला दोन नावं होती. तोंडावर 'औषधवाले सर' आणि पाठ वळली की 'त्रैराशिक'. दुसरं नाव त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध किती द्यायचं, किती तासांनी द्यायचं, कुणाच्या मूत्रपिंडाला झेपेल आणि कुणाच्या नाही, हे तपासणं त्याचं काम. कुणी विचारायचा अवकाश, हा खिशातलं पेन काढायचा आणि सुरू व्हायचा, "एवढ्याला एवढं, तर तेवढ्याला किती?" घरी पाहुणे येणार असले की बायको मुलांना सांगायची, "दूध किती आणायचं ते बाबांना विचारू नका. ते आधी पाहुण्यांची वजनं मागतील."

माणूस वाईट नव्हता हो. हुशार होता, कष्टाळू होता, फक्त उत्तर द्यायची घाई फार. 'थांबा, विचारून सांगतो' हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. आणि एवढ्यानेच सगळा घोळ झाला.

तिसऱ्या मजल्यावर, दिवस पूर्ण न भरलेल्या बाळांचा विभाग होता. काचेच्या पेट्या, त्यात तळहाताएवढी मुलं, आणि प्रत्येक पेटीवर सतत टुकटुक करणारं यंत्र. तिथे एका छोट्या दवाखान्यातून एक मुलगी आली. दोन महिने आधी जन्मलेली, जेमतेम सव्वा किलोची. एवढी लहान बाळं श्वास घ्यायचं मधूनच विसरतात. मग यंत्र ओरडतं, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारते, की बाईसाहेब पुन्हा श्वास घेतात. त्यावर औषध आहे कॅफीन. हो, कॉफीतलंच. मोठ्यांची झोप उडवतं, आणि या चिमुरड्यांना श्वासाची आठवण करून देतं.

या मुलीला आधीच्या दवाखान्यात दोन दिवस कॅफीन दिलेलं होतं. तरी तिचा श्वास थांबायचा काही थांबत नव्हता. म्हणून रक्त तपासलं, तर लिटरमागे पाच मिलिग्रॅमसुद्धा भरेना. हवं होतं पंधराच्या आसपास.

सकाळचा राउंड होता. विभागाच्या मोठ्या मॅडम, इनचार्ज सिस्टर, शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, आणि मधोमध हा. मॅडमनी विचारलं, "बोला सर, काय करायचं?"

आता गंमत बघा. याच घोळक्याला हा दर वर्षी एक उदाहरण सोडवायला द्यायचा. हाफ लाइफ म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. रोज ठरावीक डोस देत राहिलं, तर पातळी हळूहळू चढते. एक हाफ लाइफ गेली की ती शेवटी जिथे ठरणार त्या आकड्याच्या निम्म्यावर येते, दुसरी गेली की पाऊण हिश्श्यावर, आणि चार-पाच गेल्या की स्थिरावते, कारण मग रोज जेवढं आत जातं तेवढंच बाहेर पडतं. मोठ्या माणसात कॅफीनची हाफ लाइफ पाचेक तासांची. या बाळांत ती चार दिवसांच्या घरात जाते. म्हणजे नुसता रोजचा डोस देत बसलं, तर पातळी ठरायला दोन-तीन आठवडे हवेत. तेवढा वेळ बाळाला कुठला? म्हणून सुरुवातीलाच एक मोठा डोस देऊन पातळी झटक्यात वर नेतात आणि मग रोजच्या छोट्या डोसाने ती तिथे टिकवतात. हे तो झोपेतही सांगेल. आणि पोरांना बजावायचा, "पातळी हातात आली की पहिला प्रश्न कोणता? ही अजून चढतेय, की ठरलीय? हे न विचारता गणित मांडलं, तर शून्य मार्क."

सिस्टरनी फोनकडे हात नेला. "त्या आधीच्या दवाखान्यात विचारू का, मोठा डोस दिला होता का ते? चिठ्ठीत नुसतंच 'कॅफीन सुरू' लिहिलंय."

"त्यात काय विचारायचं सिस्टर? त्याशिवाय कुणी सुरूच करत नाही."

पेन बाहेर आलंच होतं. मोठा डोस मिळालाय हे त्याने गृहीतच धरलं, आणि मग पुढचं सगळं बिनचूक. मोठा डोस मिळूनही पातळी पाचावर, याचा अर्थ बाळ औषध भराभर बाहेर टाकतंय. म्हणजे रोजचा डोस कमी पडतोय.

"तिप्पट करा," तो म्हणाला.

मॅडमनी चष्मा वर केला. "सरळ तिप्पट?"

"एवढ्या डोसाला पाच, तर पंधराला किती?"

घोळका हसला. मॅडमही हसल्या, पण सही करताना त्यांचं पेन क्षणभर थांबलं होतं. ते याला दिसलं होतं. नंतर ते पेन त्याला पुन्हा पुन्हा दिसायचं होतं.

आणि मुलगी सुधारली की. श्वास थांबणं बंद झालं, यंत्र गप्प बसलं. सहाव्या दिवशी पातळी पुन्हा तपासायची असं यानेच सांगितलं होतं. पण त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "एवढं छान चाललंय, त्या एवढ्याशा टाचेला कशाला टोचायचं?" आणि हा म्हणाला, "राहू द्या मग." खुशीत असलेल्या माणसाला पुरावा नको असतो.

बाळाची आई विभागाबाहेरच्या बाकावर दिवस काढत होती. पोरसवदा बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दर तीन तासांनी ती दूध काढायच्या खोलीत जायची आणि बाटली भरून सिस्टरच्या हातात द्यायची. मग नळीने ते दूध बाळाच्या पोटात जायचं. बाळासाठी तिला करता येण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि ते ती इमानेइतबारे करत होती. तिची सासू शेजारी बसून असायची. सासू काही खाष्ट नव्हती, पण तिचं पहिलं नातवंड त्या काचेच्या पेटीत होतं आणि भीती कुणावर तरी काढायला हवी होती.

दहाव्या दिवशी मुलीचं काळीज मिनिटाला दोनशेच्या वेगाने धावायला लागलं. हात थरथरत होते, डोळा लागत नव्हता. सिस्टरनी डोस रोखून धरला आणि रक्त पाठवलं. पातळी आली चाळीस.

याने आकडा पाहिला. आपल्या खोलीत जाऊन दार लावलं, आणि जो फोन दहा दिवसांपूर्वी करायचा तो आता केला.

"मोठा डोस ना? नाही हो," पलीकडून एक बाई सहज म्हणाली. "आमच्याकडे एकच कुपी उरली होती. म्हणून रोजचाच छोटा डोस दिला दोन दिवस, आणि तुमच्याकडे पाठवली. का हो, काही झालं का?"

"नाही, सहज विचारलं," तो म्हणाला.

रिसीव्हर ठेवल्यावर गणित आपोआपच सुटत गेलं. ते थांबवायची सोय नव्हती. हाफ लाइफ चार दिवसांची असेल, तर दोन दिवसांत पातळी शेवटच्या आकड्याच्या तीस टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. पाच ही ठरलेली पातळी नव्हतीच, चढणीची सुरुवात होती. तोच छोटा डोस चालू ठेवला असता, तर ती आपसूक सोळावर जाऊन स्थिरावली असती. घाई होती तर एक मोठा डोस वरून द्यायचा, की काम झालं. याने रोजचा डोस तिप्पट केला आणि त्या चिमुकल्या जिवाला अठ्ठेचाळीसच्या रस्त्याला लावलं. शून्य मार्क. ज्या प्रश्नाला तो पोरांचे मार्क कापायचा, तोच प्रश्न.

मॅडमनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाळ औषध फार हळू बाहेर टाकतंय."

हे खोटं नव्हतं. एवढ्या लहान बाळांचं तसंच असतं. मॅडमनी मान डोलावली, औषध बंद केलं आणि पेटीजवळ एक सिस्टर कायमची बसवली. यावर उतारा नाही. नुसतं वाट बघायची, औषध आपल्या चालीने निम्मं होईपर्यंत. अर्धसत्य सांगून माणूस किती सुखरूप बाहेर पडतो याची त्याला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच जरा हायसंही वाटलं, त्याची लाज त्याहून जास्त.

खरी शरम पुढेच होती. तो जिन्याकडे निघाला तर बाकावरून सासूने हाक मारली.

"अहो साहेब, जरा सांगा. बाळाला ते कॉफीतलं औषध जास्त झालं म्हणतात. कॉफी आईच्या दुधातून बाळात उतरते का?"

सून मान खाली घालून बसली होती. हातातल्या ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"हिचा भाऊ येतो ना रोज," सासू म्हणाली, "त्याच्याबरोबर खाली जाऊन कॉफी प्यायची. मी सांगत होते, नको पिऊस."

"एकच कप प्यायचे," सून पुटपुटली. "झोप यायची नाही म्हणून. दूध काढायला उठायचं असतं."

हा इथेच सांगू शकला असता. जन्मभर 'किती' हा एकच प्रश्न विचारत आलेला माणूस. एका कपातलं दुधात किती उतरतं, बाळ किती दूध पितं, हिशेब अर्ध्या मिनिटाचा होता. पण 'किती' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग एवढं जास्त झालं कुठून.

"उतरते," तो म्हणाला. "थोडी."

एवढं बोलून तो जिना उतरला. हेही खोटं नव्हतं.

त्या रात्री बायकोने विचारलं, "जेवला का नाहीत?" तो म्हणाला, पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी शिकाऊ पोरांनी शिकवणीला बोलावलं तर म्हणाला, काम आहे. तिसऱ्या मजल्यावर जाताना तो बाकाच्या बाजूचा जिना सोडून मागच्या लिफ्टने जाऊ लागला. मनाची समजूत घालत होता. औषध तर बंद झालंय. पातळी उतरणीला लागलीय. आता सांगून कुणाचं भलं होणार? सासवा-सुनांत कुरबुरी चालायच्याच. असलं सगळं. आपण चोर आहोत हे ज्याला पुरतं ठाऊक असतं, त्याला असली वाक्यं भराभर सुचतात.

चौथ्या दिवशी महिन्याची फ्रीज-तपासणी होती. प्रत्येक विभागातल्या औषधांच्या फ्रीजचं तापमान यालाच बघावं लागायचं, आणि बाळांच्या विभागाचा फ्रीज दूध काढायच्या खोलीला लागून होता. दार अर्धवट उघडं होतं. त्याने आत पाहिलं तर ती बाळाची आई बेसिनशी उभी होती. हातातली बाटली तिने तिरकी केली होती आणि दूध नळाखाली ओतत होती. शांतपणे, भांडं विसळावं तसं. बाटलीत होतं तरी किती? तळाला बोटभर.

"अहो," याच्या तोंडून निघालं. "हे काय करताय?"

ती दचकली नाही. "विष आहे ना त्यात," ती म्हणाली. "तुम्हीच नाही का म्हणालात, उतरते म्हणून. सिस्टरना सांगितलं नाही मी, येत नाही म्हणते. त्या दुसरं दूध देतात तिला." मग बाटली विसळत म्हणाली, "पहिल्या दिवशी चार वेळा फेकलं. मग म्हटलं फेकायचंच तर काढायचं कशाला. आता तसंही येत नाही फारसं."

फ्रीजचं तापमान बघायला आलेला माणूस, तापमान न बघताच मागे फिरला.

टेबलावर त्या सकाळचा रिपोर्ट आला होता. पातळी वीस. चाळीसचे वीस, चार दिवसांत. हाफ लाइफ चार दिवसांची, जशी पुस्तकात तशी. बाळाच्या अंगात जगावेगळं काही नव्हतंच. गुन्हा कॉफीचा नव्हता, दुधाचा नव्हता, बाळाचाही नव्हता. आता पळायला एकही वाट उरली नाही, आणि खरं म्हणजे त्याला पळायचंही नव्हतं.

तो मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन न करणं, मग फोन करणं, 'हळू बाहेर टाकतंय' म्हणणं, आणि बेसिन.

मॅडमनी बाळाची फाइल उघडून त्या दिवशीची आपली सही पाहिली. मग म्हणाल्या, "तिप्पट मला खटकलं होतं. तरी सही केली. ती माझी आहे, ती मी निस्तरीन. वर कळवायचं ते दोघं मिळून कळवू. पण चार दिवस तुम्ही मला अंधारात ठेवलंत, ते मी विसरणार नाही."

"नका विसरू," तो म्हणाला.

"चला आता. मी बरोबर येते. पण बोलणार तुम्ही."

बाकावर सासू-सून होत्या, पण दोघींमध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा. याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," तो सासूकडे बघून म्हणाला, मग चूक लक्षात येऊन सुनेकडे वळला. "तुम्हाला सांगायचंय. बाळाला औषध जास्त झालं ते माझ्यामुळे. डोस मी तिप्पट करायला लावला. तिचं रक्त तपासलं तेव्हा औषध अजून अंगात साठत होतं, आणि मी धरून चाललो की साठून झालंय. एक फोन करून विचारलं असतं तर कळलं असतं. केला नाही."

सासूने पदर तोंडाला लावला.

"आणि माझी कॉफी?" सून म्हणाली.

"मी दिवसाला जेवढं देत होतो, त्याच्या तिसाव्या भागाइतकीसुद्धा तुमच्या दुधातून गेली नसेल. एक कप प्यायलात तर काही बिघडत नाही. तुमचं दूध चांगलं होतं. पहिल्यापासून चांगलं होतं."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, तर त्याला सोसवलं असतं.

"हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं नव्हतं. पण आईंनी विचारलं होतं तुम्हाला. माझ्यासमोर."

"हो."

"मग थोडी उतरते, असं का म्हणालात?"

याच्याकडे उत्तर होतं, पण ते इतकं क्षुद्र होतं की जिभेवर येईना. तरी तो म्हणाला, "कारण मग माझी चूक बाहेर आली असती."

सासू उठली. याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मधली रिकामी जागा ओलांडून ती सुनेला खेटून बसली आणि तिच्या मांडीवरची रिकामी बाटली तिने स्वतःच्या हातात घेतली. "चल," ती म्हणाली, "मी धुऊन आणते. तू बस आत जाऊन. मी म्हातारी काहीबाही बोलले."

सून उठली, पण दारापाशी थांबली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचे डोळे भरले होते.

"साहेब, तुम्हाला गणित येतं म्हणतात," ती म्हणाली. टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. "चार दिवसांत दूध इतकं आटलं. ते पहिल्यासारखं यायला किती दिवस लागतील? येईल ना?"

सवयीने याचा हात खिशाकडे गेला. पेन बोटांना लागलं. मागे मॅडम उभ्या होत्या, दोन शिकाऊ पोरं येऊन उभी राहिली होती, आणि सगळे याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "थांबा. मी सिस्टरना विचारून येतो."